पुस्तकाचा प्रस्ताव परत आला: नर्मदाकाठची दत्तभक्ती आणि अकादमिक प्रकाशक

नर्मदाकाठ

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. पीएचडी होऊन तीन वर्षं झाली. विषय होता गुजरातमधला दत्त संप्रदाय: गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, नरेश्वरचे रंगावधूत महाराज, आणि बडोद्यातल्या मराठी-गुजराती घरांत चालणारी उपासना. प्रबंधाचं इंग्रजी पुस्तक करावं म्हणून गेल्या वर्षी एका विद्यापीठीय प्रकाशनाला प्रस्ताव पाठवला. सात आठवड्यांनी नकार आला. संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याचा मराठीत अर्थ असा: "माहिती भरपूर आहे, पण पुस्तक नेमकं काय म्हणतं ते कळलं नाही. गुजरातबाहेरच्या वाचकाने हे का वाचावं?"

प्रस्तावाची सुरुवात मी अशी केली होती: "दत्त संप्रदाय हा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा संप्रदाय असून गुजरातमध्येही त्याचा प्रसार झाला आहे. या विषयावर इंग्रजीत सखोल अभ्यास झालेला नाही." पुढे नऊ प्रकरणांचे सारांश, सगळी प्रबंधातलीच. शब्दसंख्या १,४०,००० दिली. "यापूर्वीची पुस्तकं" या भागात चौदा नावं होती, त्यातली बरीचशी मराठी-गुजराती चरित्रं. नमुना म्हणून पहिलं प्रकरण जोडलं, म्हणजे दत्तात्रेय या देवतेचा पुराणांपासूनचा इतिहास.

आता दुसरीकडे पाठवायचंय. त्याआधी काय बदलू? ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. घरात गुरुवारची आरती ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे कुठे जास्त जवळून बघतेय तेही मला कळत नाही.

सूरसागर

ताई, मनाला लावून घेऊ नका. मीही बडोद्याचाच, कॉलेजात शिकवतो. माझा सरळ सल्ला: एकाच वेळी दहा प्रकाशकांना पाठवा. एकेकाची वाट बघत बसलात तर पाच वर्षं जातील. शब्द कमी करा, ते आवश्यकच. आणि परिशिष्टात रंगावधूत महाराजांची गुजराती दत्तबावनी संपूर्ण छापा, भाषांतरासकट. ती १९३५ सालची आहे, हक्काची साठ वर्षं कधीच होऊन गेली, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. इंग्रजीत चांगलं भाषांतर मिळालं तर एवढ्यासाठीसुद्धा लोक पुस्तक घेतील.

मुद्रितप्रत

नर्मदाकाठताई, मी इंदूरचा. बावीस वर्षं अकादमिक पुस्तकांच्या संपादनात काढली, आता निवृत्त आहे. तुमचा प्रस्ताव जिथे अडला तिथे अडलेले अनेक प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सूरसागरांच्या दोन मुद्द्यांबद्दल. प्रस्ताव एकापेक्षा जास्त ठिकाणी पाठवायला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते, मात्र पत्रात तसं स्पष्ट लिहावं लागतं. संपूर्ण हस्तलिखिताची गोष्ट वेगळी. ते तज्ज्ञ परीक्षकांकडे गेलं की त्या काळात ते दुसरीकडे द्यायचं नाही, हा जवळजवळ सगळीकडचा रिवाज आहे. आणि दहा ठिकाणी एकच मजकूर गेला तर तो कुणालाच उद्देशून नसतो, हे संपादकाला पहिल्या परिच्छेदातच कळतं. तीन जागा निवडा. ज्यांच्या यादीत गेल्या पाच-सात वर्षांत भक्ती, पश्चिम भारत किंवा धार्मिक वाचन यांवर पुस्तकं आली आहेत, अशाच.

हक्कांचा हिशेब मात्र चुकला आहे. आपल्याकडे साठ वर्षं मोजतात ती लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून. कृती कधी प्रसिद्ध झाली त्याच्याशी संबंध नाही. रंगावधूत महाराज गेले नोव्हेंबर १९६८ मध्ये. म्हणजे मोजणी १ जानेवारी १९६९ पासून, आणि दत्तबावनीवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत जिवंत आहे. टेंबे स्वामी १९१४ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा प्रश्न नाही. पण रंगावधूत महाराजांची पत्रं किंवा अन्य लेखन मृत्यूनंतर प्रथम छापलं गेलं असेल, तर त्याची साठ वर्षं त्या प्रकाशनापासून मोजावी लागतात. तेव्हा ताई, प्रत्येक उताऱ्यापुढे "केव्हा लिहिलं, केव्हा प्रथम छापलं" अशी नोंद आत्ताच करून ठेवा. विश्लेषणासाठी चार-सहा ओळी उद्धृत करणं कायद्याच्या सवलतीत बसतं. बावन्न ओळी परिशिष्टात अख्ख्या छापणं बसत नाही, त्याला लेखी परवानगी लागेल. परदेशी प्रकाशक असेल तर तो स्वतःच्या देशाचा कायदाही बघतो.

आता मुख्य मुद्दा. तुमची पहिली दोन वाक्यं विषय सांगतात, म्हणणं सांगत नाहीत. "यावर अभ्यास झालेला नाही" हे वाक्य तर काढूनच टाका. ज्यावर अभ्यास झालेला नाही अशा हजार गोष्टी आहेत, संपादक त्यातली हीच का छापेल? शिवाय ते खरंही नाही. दत्तात्रेयावर रिगोपुलोस यांचं पुस्तक १९९८ मध्ये अमेरिकेत निघालं. त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, हरिप्रसाद जोशी यांचं दत्तपूजेच्या उगम-विकासावरचं इंग्रजी पुस्तक तुमच्याच गावच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने काढलं. ते तुमच्या यादीत होतं का?

मला एक सांगा. तुमच्या प्रबंधात अशी कोणती गोष्ट आहे, जी वाचून बंगालमधल्या वैष्णवांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विषयाकडे वेगळं बघावंसं वाटेल? एका वाक्यात सांगा. न जमलं तर तीन वाक्यांत.

लष्करवाला

आमच्या ग्वाल्हेरलाही भक्तीची मोठी परंपरा आहे. माझे आजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या स्वतःच्या पदांच्या चार वह्या घरात आहेत, तीनशेच्या आसपास पदं, काही मोडीत. या अशा प्रकाशकांना पाठवली तर छापतील का? मला एका ठिकाणाहून मेल आला होता, पंचेचाळीस हजार भरा, दोन महिन्यांत आयएसबीएनसह पुस्तक देतो म्हणून. करावं का?

मुद्रितप्रत

लष्करवाला, तुमचं काम वेगळं आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. मोनोग्राफ म्हणजे एका प्रश्नाचा युक्तिवाद. तुमच्याकडे आहे ती मूळ सामग्री. आधी चारही वह्यांचं प्रत्येक पान उजेडात नीट स्कॅन करा, मोडी वाचणाऱ्याकडून देवनागरीकरण करून घ्या, कुठल्या पदात नाममुद्रा, म्हणजे पदात गुंफलेलं कवीचं नाव, आहे आणि कुठल्यात नाही ते नोंदवा. कीर्तनकारांच्या वहीत स्वतःच्या पदांबरोबर दुसऱ्यांचीही पदं उतरवलेली असतात. ते वेगळं केल्याशिवाय छापू नका. आणि जो प्रकाशक वही न बघता पैसे आणि मुदत सांगतो, त्याने ती वाचणार नसल्याचंच सांगितलं आहे. पंचेचाळीस हजार जपून ठेवा, मोडीवाचकाला द्यायला लागतील.

लष्करवाला

धन्यवाद काका. नाममुद्रेचं लक्षातच आलं नव्हतं. वेगळा धागा काढतो.

नर्मदाकाठ

काका, जोशींचं पुस्तक मी हंसा मेहता लायब्ररीत वाचलंय, प्रबंधात संदर्भही आहे, पण प्रस्तावात घातलं नव्हतं. जुनं आहे म्हणून.

दोन दिवस तुमच्या प्रश्नावर बसले. पहिला प्रयत्न: "गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांचं, सोवळ्याओवळ्याचं, बहुतेक घरांत पुरुषांनीच करायचं. बायकांनी ती पोथी वाचू नये असा दंडक अनेक घरांत अजून पाळतात. १९३५ मध्ये रंगावधूतांनी गुजरातीत बावन्न ओळींची दत्तबावनी रचली. ती म्हणायला पाच-सात मिनिटं लागतात आणि बडोद्यात मी ज्या तेवीस घरांत बसले त्यातल्या सतरा घरांत ती बायका म्हणवून घेतात. गुरुचरित्राचे बावन्न अध्याय, बावनीच्या बावन्न ओळी. म्हणजे महाराजांनी पोथीच लहान करून, भाषा बदलून, बायकांच्या हातात दिली."

शारदा_इंदूर

अगं हेच तुझं पुस्तक आहे! हे पहिल्या पानावर का नव्हतं?

माझं पहिलं पुस्तक मागच्या वर्षी स्वीकारलं गेलं (विषय वेगळा, माळव्यातली निर्गुणी भजनं), म्हणून हिमतीने सांगते. प्रस्तावात मीही आधी सगळा प्रदेश, सगळा काळ घेतला होता. परीक्षकाने विचारलं, या सगळ्यात तुम्ही नवीन काय पाहिलंत, तेवढंच सांगा.

मुद्रितप्रत

नर्मदाकाठताई, आता प्रस्तावाला कणा आला. पण त्यातला शेवटचा दुवा मला मोडका वाटतो, आणि परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवेल.

बावन्न म्हणजे बावन्न, हा पुरावा नाही. बावनी हा आधीपासूनचा रचनाप्रकार आहे. भूषणाची शिवाबावनी आपल्या सगळ्यांना माहीत असते, तिचा गुरुचरित्राशी काय संबंध? आणि गुरुचरित्राच्या अध्यायांची संख्याही स्थिर नाही. छापील प्रतींत ५१, ५२, ५३ अशी ती बदलते, शेवटची सारांशरूप अवतरणिका मोजली की नाही त्यावरही ठरते. तेव्हा आकड्यावर इमारत उभी केलीत तर एका ओळीत कोसळेल. विचारायचं ते असं: बावनीतल्या कोणत्या ओळी गुरुचरित्रातल्या कोणत्या कथांकडे बोट दाखवतात? वांझ म्हैस दूध देते, वाळलेल्या लाकडाला पालवी फुटते, ब्राह्मणाचा पोटशूळ जातो, अशा कथा बावनीत एकेका ओळीत आल्या आहेत. गुरुचरित्रात त्याच कथेला अख्खा अध्याय लागतो. अध्याय आकसून ओळ झाली तेव्हा काय राहिलं आणि काय गळालं, याचा तक्ता करा. गळालं त्यात आचारधर्माचा भाग किती, कथेचा किती, हे दिसलं की तुमचं म्हणणं आकड्याशिवाय उभं राहील.

दुसरं, "बायकांच्या हातात दिली" हा महाराजांचा हेतू झाला. तो तुम्हाला त्यांच्या लिखाणातून दाखवता येतो का? येत नसेल तर वाक्य बदला: बायकांनी ती हातात घेतली. तेवीस घरांतून एवढं नक्की दिसतं. आणि तेवीस घरं म्हणजे गुजरात नव्हे. शीर्षकात गुजरात घातलंत तर राजकोटचा परीक्षक विचारेल, आमच्याकडे काय?

सूरसागर

काका, हक्कांबाबत चुकलो, मान्य. तरुण सहकाऱ्यांनाही मी हेच सांगत आलो होतो, आता दुरुस्त करायला हवं.

पण गुजरात शीर्षकात नको, याच्याशी सहमत नाही. "बडोदा ते नरेश्वर" असं नाव घातलं तर परदेशात कोण ओळखणार? प्रकाशकच म्हणतोय की विषय छोटा आहे, आणि तुम्ही तो आणखी छोटा करायला सांगताय.

मुद्रितप्रत

सूरसागर, प्रकाशकाने छोटा म्हटलेलं नाही. "गुजरातबाहेरच्याने का वाचावं" असं विचारलंय. त्याला उत्तर नकाशा मोठा करून मिळत नाही, प्रश्न मोठा करून मिळतं. जागा एक पट्टा, प्रश्न असा: नियमांनी बांधलेली पोथी दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा वाचण्याचा अधिकार कसा हलतो? हा प्रश्न कुठल्याही भक्तिपरंपरेच्या अभ्यासकाचा आहे.

म्हणूनच "यापूर्वीची पुस्तकं" हा भाग महत्त्वाचा. तिथे चौदा नकोत, चार-पाच पुरे, आणि प्रत्येकाशी तुमचं नातं सांगणारं एकेक वाक्य. जोशी १९६५ जुनं म्हणून टाकू नका. देवतेचा उगम त्यांनी सांगितला, तुम्ही उपासकांच्या जिभेवर काय आहे ते सांगता. रिगोपुलोस दत्तात्रेयाची रूपं मांडतात, तुम्ही एका रूपाच्या घरगुती वापरात उतरता. जॉन क्यून यांचं एकनाथ आणि सहभोजनावरचं २०२१ चं पुस्तक समता आणि जात हा प्रश्न भक्तीला विचारतं, तुम्ही तोच प्रश्न वाचनाच्या अधिकाराला विचारता. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे एमिलिया बॅखरॅक यांचं २०२२ चं. गुजरातमधले पुष्टिमार्गी कृष्णभक्त आपल्या भक्तांच्या कथांचं वार्तासाहित्य घरात, मंडळात कसं वाचतात, हा त्यांचा विषय. ते तुमच्या यादीत नसेल तर परीक्षक म्हणेल शेजारचं घर बघितलं नाही. असेल तर म्हणेल, गुजरातेत वाचनावर दोन पुस्तकं समोरासमोर ठेवता येतील. संपादकाला "कोण विकत घेईल" याचं उत्तरही तिथेच मिळतं: ज्यांनी ते घेतलं ते.

नर्मदाकाठ

बॅखरॅक यांचं पुस्तक मी वाचलेलं नाही. प्रबंध सादर झाला त्याच सुमारास ते आलं. मागवते.

तक्ता करायला घेतलाय. निम्म्या ओळी झाल्या. काका, तुमचं बरोबर निघालं आणि थोडं वेगळंही निघालं. कथा जवळजवळ सगळ्या ओळखता येतात, पण गुरुचरित्रातला आचाराचा जो लांबलचक भाग आहे, नित्यकर्म, स्त्रीधर्म, विधवाधर्म, त्यातलं काहीच मला अजून बावनीत सापडलं नाही. बावनी फक्त "तू अमक्याला तारलंस, तमक्याला तारलंस, मग माझी उपेक्षा का" एवढंच धरते. म्हणजे आचार गळाला आणि धावा राहिला. ज्या घरांत मी बसले तिथल्या आजी म्हणायच्या, "पोथीला सोवळं लागतं, बावनीला नुसता देव लागतो." मी ते प्रबंधात तळटीपेत टाकलं होतं!

दत्तनाम

मी या विषयातला विद्वान नाही. नरेश्वरला लहानपणापासून जातो. वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितो. आमच्या घरी गुरुचरित्रही वाचतात आणि बावनीही म्हणतात, दोघांत भांडण नाही. बावनीने पोथीला हटवलं असं पुस्तकात येणार असेल तर ते खरं नाही. आणि भक्तीला "चळवळ" म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. चळवळ कुणाविरुद्ध तरी असते. महाराजांनी "परस्पर देवो भव" सांगितलं. त्यात कुणाविरुद्ध काय?

नर्मदाकाठ

दत्तनामभाऊ, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. हटवलं असं मी म्हणणार नाही. माझ्या तेवीसपैकी दहा-अकरा घरांत दोन्ही आहेत. पोथी दत्तजयंतीच्या सप्ताहात, बावनी दर गुरुवारी. "चळवळ" शब्दाबद्दल मीही अडले आहे. इंग्रजीत भक्तीबरोबर तो शब्द सवयीने येतो.

मुद्रितप्रत

दत्तनाम यांनी विद्वान परीक्षकाचंच काम केलं आहे. भक्तीला चळवळ म्हणावं का, यावर अभ्यासकांतही वाद आहे. जॉन हॉली यांनी २०१५ च्या पुस्तकात दाखवलं आहे की "भक्ती चळवळ" ही अखंड कल्पना स्वतःच एका इतिहासातून घडली. तेव्हा ताई, तो शब्द शीर्षकात नुसता सवयीने घालू नका. घालायचाच तर एका परिच्छेदात त्याची बाजू मांडा, नाहीतर "उपासना" किंवा "वाचन" यावर शीर्षक बांधा.

आणि दोन्ही असलेली ती दहा-अकरा घरं तुमची सगळ्यात मोलाची आहेत. जिथे बावनी एकटी आहे तिथे काय बदललं ते कळत नाही. एकाच घरात सप्ताहाला वाचणारा कोण आणि गुरुवारी म्हणवून घेणारं कोण, हे शेजारी ठेवलं तरच अधिकार हलला की वाटला गेला ते दिसेल. यावर एक अख्खं प्रकरण हवं.

शारदा_इंदूर

नमुना प्रकरणाबद्दल. मुद्रितप्रतकाका, तुम्ही हेच घरांचं प्रकरण पाठवायला सांगणार ना? माझा अनुभव जरा वेगळा आहे. मी माझं सगळ्यात आवडतं, क्षेत्रकार्याचं प्रकरण पाठवलं, तर संपादकांनी प्रस्तावना मागवली. ती तयार नव्हती, सहा आठवडे गेले. प्रस्तावना आणि एक प्रकरण, दोन्ही जवळ ठेव.

अजून एक. प्रकरणांच्या सारांशात मी "या प्रकरणात अमुकची चर्चा केली आहे" असं लिहायचे. गाईड म्हणायचे तसंच. नंतर प्रत्येक सारांशाचं पहिलं वाक्य दावा म्हणून लिहिलं. तुझ्या बाबतीत "प्रकरण तीनमध्ये दत्तबावनीची चर्चा" नाही, तर "बावनी पोथीतला आचार सोडते आणि धावा ठेवते, त्यामुळे ती सोवळ्याबाहेर जाऊ शकते." नऊ सारांशांपैकी ज्याचं असं वाक्यच होत नाही ते प्रकरण पुस्तकात नको, हे आपोआप कळतं.

मुद्रितप्रत

प्रस्तावनेबद्दल शारदा यांचं मी ऐकेन. आमच्याकडे एक प्रकरण चालायचं, पण पहिल्या पुस्तकाला हल्ली दोन मागतात, आणि काही ठिकाणी तर संपूर्ण हस्तलिखित बघितल्याशिवाय करार होत नाही. दावावाक्याची कसोटी उत्तम आहे.

नर्मदाकाठ

बसून केलं. नऊपैकी तीन प्रकरणांचं दावावाक्य झालंच नाही: दत्तात्रेयाचा पुराणेतिहास, मागील अभ्यासाचा आढावा, आणि दत्तस्थानांची यादी. पुराणेतिहास मी नमुना म्हणून पाठवला होता! आढावा गळला, त्यातलं लागेल तेवढं प्रस्तावनेत येईल. स्थानांची यादी नकाशा होईल. उरली सहा. शब्द मोजले तर टिपा-संदर्भांसकट ९२,००० होतील. मूळ गुजराती, त्याचं रोमन लिप्यंतर आणि भाषांतर तिन्ही देणार असेन तर अजून वाढतील.

मुद्रितप्रत

तिन्ही देऊ नका. मूळ लिपी परिशिष्टात ठेवायची तर परवानगीचा मघाचा प्रश्न येतो. मजकुरात भाषांतर द्या, आणि शब्दावर युक्तिवाद उभा असेल तिथेच लिप्यंतर. प्रस्तावात शब्दसंख्या ९०,००० लिहा आणि त्यात टिपा धरल्या आहेत असं स्पष्ट म्हणा. चित्रं किती, नकाशे किती, तेही आकड्यात. "काही छायाचित्रं" असं लिहिलेलं पाहिलं की संपादकाला खर्चाचा अंदाजच बांधता येत नाही.

सूरसागर

एक विचारू? हे सगळं इंग्रजीतच का? ज्या आजींनी ते वाक्य सांगितलं त्यांना हे पुस्तक वाचता येणार नाही. आमच्या गावात मराठी वाचणारे अजून आहेत.

नर्मदाकाठ

हा प्रश्न रोज टोचतो. नोकरीसाठी इंग्रजी पुस्तक लागतं, हे खरं कारण, लपवत नाही. पण मराठी आणि गुजराती दोन्हीत यावं अशी माझी तळमळ आहे.

मुद्रितप्रत

मग ते करार होण्याआधी बोला. बहुतेक करारात भाषांतराचे हक्क प्रकाशकाकडे जातात, आणि नंतर मराठी प्रकाशक तयार झाला तरी पत्रव्यवहारात वर्षं जातात. मराठी आणि गुजरातीचे हक्क लेखकाकडे राहतील, एवढी एक ओळ मागा. मिळतेच असं नाही, पण मागितल्यावर मिळालेली मी पाहिली आहे. तसंच परदेशी प्रकाशक असेल तर भारतीय आवृत्ती वेगळी निघेल का हेही विचारा. नोवेट्झके यांचं नामदेवांवरचं पुस्तक अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं आणि इथे दुसऱ्या प्रकाशकाने. नाहीतर बडोद्यातल्या वाचनालयालाही ते परवडणार नाही.

नर्मदाकाठ

नवी सुरुवात, सध्या अशी आहे (मराठीत देते):

"बडोद्यात दत्तजयंतीच्या सप्ताहात घरातला पुरुष सोवळ्यात बसून गुरुचरित्र वाचतो. त्याच घरात गुरुवारी संध्याकाळी त्याची आई शेजारणींना जमवून गुजराती दत्तबावनी म्हणवून घेते. एका देवतेचे हे दोन पाठ एका घरात कसे नांदतात? एका साधूने १९३५ मध्ये मराठी पोथीतला धावा गुजराती ओळींत उतरवला, तेव्हा त्या पोथीभोवतीचा आचार मागे राहिला. वाचण्याचा अधिकार कुणी कुणाकडून काढून घेतला नाही, तो वारांमध्ये वाटला गेला, असं हे पुस्तक दाखवतं."

शेवटचं वाक्य दत्तनामभाऊंमुळे सुचलं.

दत्तनाम

हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरीही असंच आहे. फक्त आमच्याकडे गुरुवारी वडील म्हणवून घेतात, आई नाही.

शारदा_इंदूर

दत्तनामकाका, नर्मदाकाठ, हे चोविसावं घर!

नर्मदाकाठ

भाऊ, तुमच्याकडे यायला आवडेल, चालेल का? पुरुष म्हणवून घेणारी सहा घरं माझ्याकडे आहेत आणि मी त्यांना अपवाद म्हणून सोडलं होतं. आता तसं सोडता येणार नाही.

अजून एक अडचण राहिली, इथेच विचारते. दत्तबावनीच्या परवानगीसाठी मी एका संस्थेकडे विचारणा केली. त्यांनी आपुलकीने उत्तर दिलं, पण म्हणाले, छापण्याआधी ते प्रकरण आम्हाला दाखवा, मग बघू. दाखवायला माझी ना नाही. पण त्यांनी बदल सुचवले तर?

मुद्रितप्रत

दाखवा, पण दाखवणं आणि मंजुरी घेणं वेगळं ठेवा. पत्रात लिहा की तथ्यांच्या चुका दाखवल्यात तर आभारपूर्वक दुरुस्त करीन, निष्कर्ष माझे राहतील. आणि परिशिष्ट मिळेल असं धरून प्रस्ताव लिहू नका. चार-सहा ओळींच्या उद्धृतांवर पुस्तक उभं राहायला हवं.

शारदा_इंदूर

मला हे तितकं सोपं वाटत नाही काका. तिने प्रकरण दाखवलं, त्यांना आवडलं नाही, तर उद्या त्या घरांची दारं तिला बंद होऊ शकतात. ती तिथेच राहते. मी माझ्या भजनी मंडळांना छापण्याआधी दाखवलं नव्हतं आणि अजून एका घरी मला चहा मिळत नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं की पुस्तकच अडलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

नर्मदाकाठ

शारदा, हीच भीती आहे. आधी त्या आजींना वाचून दाखवते, मराठीत, त्यांच्या ओट्यावर बसून. संस्थेला त्यानंतर लिहीन. तक्त्याच्या अजून चौदा ओळी राहिल्या आहेत.

दत्तनाम

ताई, येत्या गुरुवारी या. सातला सुरू होतं. पोथीही बाहेर काढून ठेवतो.